गल्ला दुकानाचा, खर्च घराचा

एकल मालकीच्या दुकानाला कायद्याच्या दृष्टीने मालकापासून वेगळे अस्तित्व नसते. दुकानाचा पॅन म्हणजे मालकाचाच पॅन, दुकानाची उधारी म्हणजे मालकाचीच उधारी, आणि दुकानाचा नफाही मालकाच्याच आयकर विवरणपत्रात जातो. हिशेबशास्त्र मात्र नेमके उलटे धरून चालते. त्याच्या लेखी दुकान वेगळे आणि मालक वेगळा. मालकाने दुकानात पैसे घातले की ते भांडवल, म्हणजे दुकानाने मालकाला द्यायची रक्कम. आणि दुकानातून स्वतःसाठी काढले की ती उचल. नवा दुकानदार या दोन दृष्टींच्या मध्ये सापडतो. कायदा जर दोघांना एकच मानत असेल तर बँकेत दोन खाती कशाला, हा त्याचा प्रश्न त्यामुळे चुकीचा नसतो.

उदाहरणासाठी कराडसारख्या गावातले एक मॅचिंग सेंटर घेऊ. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल असा माल. मालकीण पहिल्यांदाच धंद्यात उतरलेली. दुकान जूनमध्ये सुरू झाले आणि सप्टेंबरअखेर ती आपल्या बचत खात्याचा उतारा घेऊन अकाउंटंटकडे आली. दुकानाच्या काउंटरवरचा क्यूआर कोड याच खात्याला जोडलेला होता आणि घराच्या कर्जाचा हप्ताही याच खात्यातून जात होता.

तिचे म्हणणे सरळ होते. “सर, जूनच्या सुरुवातीला खात्यात आठ हजार होते. आज पन्नास हजार आहेत. म्हणजे चार महिन्यांत दुकानाने बेचाळीस हजार मिळवून दिले. हिशेब तर खात्यातच दिसतोय, मग वेगळं खातं काढून करायचं काय?”

अकाउंटंटने उत्तर न देता उतारा पुढे ओढला आणि जमेच्या प्रत्येक नोंदीसमोर ती कशाची आहे ते तिलाच विचारत पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. काही नोंदी तिला लगेच आठवल्या, काहींसाठी मोबाइलमधले जुने संदेश उघडावे लागले, आणि या कामात दोघांचा जवळजवळ सगळा दुपारचा वेळ गेला. चार महिन्यांत खात्यात एकूण ७,४०,००० रुपये जमा झाले होते. त्यांतले ग्राहकांनी यूपीआयने दिलेले ३,८५,००० आणि तिने गल्ल्यातून भरलेली रोकड १,२०,००० एवढीच रक्कम दुकानाच्या विक्रीची होती. उरलेल्यांत नवऱ्याने घरखर्चासाठी दर महिन्याला पाठवलेले वीस हजार, म्हणजे ८०,००० होते. भावाने उसने दिलेले १,००,००० होते. आणि तिने मोडलेल्या मुदत ठेवीचे ५५,००० होते.

नावेची बाजूही तशीच मिसळलेली निघाली. घाऊक व्यापाऱ्यांना ४,१०,०००, गाळ्याचे भाडे ३२,०००, वीजबिल ६,००० आणि मदतनीस मुलीचा पगार २८,००० हा दुकानाचा खर्च. रॅक आणि काउंटर बनवायला ७०,००० गेले. तीही दुकानाचीच रक्कम, पण ती एका महिन्याचा खर्च नसून काही वर्षे टिकणारी मालमत्ता. घरकर्जाचे हप्ते ५०,०००, मुलाची फी ४०,००० आणि किराणा, मोबाइल, औषधे मिळून ६२,००० हे सगळे घराचे. एकूण ६,९८,००० रुपये गेले, म्हणून शिल्लक आठ हजारांवरून पन्नास हजारांवर आली. ही बेरीज-वजाबाकी बिनचूक होती, फक्त तिच्यातून नफा कळत नव्हता.

“आणि दूध-भाजी?” अकाउंटंटने विचारले.

“ती गल्ल्यातूनच घेते. रोजचे तीनेकशे होतात.”

चार महिन्यांचे हे अंदाजे ३६,००० रुपये उताऱ्यात कुठेच नव्हते. ती विक्री होती आणि उचलही होती, पण बँकेपर्यंत न पोचल्यामुळे दोन्ही अदृश्य राहिल्या. त्या धरून खरी विक्री ५,४१,००० रुपयांची झाली. दुकान उघडण्यापूर्वी तिने स्वतःच्या पैशांतून एक लाखाचा माल भरला होता, आणि सप्टेंबरअखेर मोजला तेव्हा खरेदीच्या भावाने १,१५,००० चा माल शिल्लक होता. म्हणजे एक लाख आणि चार लाख दहा हजार मिळून जो माल आला, त्यातला ३,९५,००० चा माल विकला गेला. विक्रीतून तो वजा केल्यावर १,४६,००० आणि त्यातून भाडे, वीज, पगार असे ६६,००० गेल्यावर ८०,००० उरले. रॅकचा घसारा अजून धरायचा होता, पण ढोबळमानाने दुकानाचा नफा महिन्याला वीस हजार होता.

तिने सांगितलेल्या बेचाळीस हजारांच्या हा आकडा जवळपास दुप्पट आहे, आणि तिला आनंद झाला तर नवल नाही. पण त्याच कागदावर दुसरी बेरीज होती. हप्ता, फी, किराणा आणि दूध-भाजी धरून घराने या खात्यातून आणि गल्ल्यातून १,८८,००० रुपये खाल्ले होते. नवऱ्याचे ८०,००० वजा केले तरी १,०८,००० दुकानाकडून आले. दुकानाने कमावले ऐंशी आणि घराने नेले एकशे आठ. मधले अठ्ठावीस हजार भावाच्या उसन्या पैशांतून भागले, आणि हे तिला किंवा घरात कुणालाही ठाऊक नव्हते. शिल्लक वाढत होती, म्हणून सगळे ठीक चालले आहे असे वाटत होते. ती वाढत होती ती भावाच्या लाखामुळे आणि मोडलेल्या ठेवीमुळे.

नवी दुकाने बंद पडतात तेव्हा “धंदा चालला नाही” असे म्हटले जाते. पुष्कळदा धंदा चाललेला असतो, पण घराने त्याच्या कुवतीपेक्षा जास्त उचललेले असते आणि ते दिसायला जागाच नसते. वेगळ्या खात्याचा पहिला उपयोग ही जागा तयार करणे हा आहे. दुकानाच्या खात्यातून घराच्या खात्यात महिन्याला एकदाच ठरावीक रक्कम गेली, की उचल म्हणजे बारा नोंदींची एक रांग होते आणि ती नफ्याशेजारी ठेवून पाहता येते.

मालकिणीने पुढचा प्रश्न कराचा काढला. तिच्या ओळखीतल्या एका दुकानदाराने तिला सांगितले होते की छोट्या व्यापाऱ्याला हिशेब ठेवावाच लागत नाही, विक्रीच्या सहा किंवा आठ टक्के नफा दाखवला की झाले. यात तथ्य आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४एडीने आणलेल्या अनुमानित नफ्याच्या योजनेत बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरला जातो, आणि खर्चाच्या तपशीलवार वह्या ठेवण्यातून सुटका मिळते. पण ती सुटका खर्चाच्या बाजूची आहे. टक्केवारी लावायची ती विक्रीच्या आकड्यावर, आणि तो आकडा तर नक्की हवाच. शिवाय हे टक्के किमान आहेत. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो. या दुकानाचा नफा विक्रीच्या सुमारे पंधरा टक्के आहे.

मिसळलेल्या खात्यात नेमका विक्रीचा आकडाच धूसर होतो. बाहेरून उतारा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला सात लाख चाळीस हजारांची जमा दिसते. त्यातले एक लाख भावाचे होते हे सिद्ध करण्याचे काम दुकानदाराचे. जमेचा खुलासा पटला नाही तर ती रक्कम उत्पन्न मानली जाते, आणि तशा उत्पन्नावर चढ्या दराने कर लागतो.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात हे मोठ्या प्रमाणावर घडले. तिथल्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या जमेवरून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. वस्तूंच्या विक्रीसाठी ४० लाखांची जी जीएसटी नोंदणीची मर्यादा आहे, ती ओलांडूनही नोंदणी केली नाही असे विभागाचे म्हणणे होते. दुकानदारांचे म्हणणे असे, की जमेत दूध-भाजीसारख्या करमुक्त मालाची विक्री आहे आणि शिवाय घरचे, मित्रांचे, उसनवारीचे पैसेही आहेत. बेंगळुरूतल्या कित्येक दुकानांवर तेव्हा “यूपीआय नाही, फक्त रोख” अशा पाट्या लागल्या. पुढे सरकारने नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल न करण्याची भूमिका घेतली आणि वाद निवळला. पण ज्या दुकानदाराच्या खात्यात फक्त दुकानाची जमा होती त्याला उत्तर देणे सोपे होते. ज्याचे खाते घरासकट एक होते, त्याला चार-चार वर्षांच्या नोंदी एकेक आठवत बसावे लागले. क्यूआर कोड काढून टाकणे हा यावरचा उपाय नव्हताच. विक्री रोखीने झाली म्हणून ती करातून सुटत नाही.

कराडच्या दुकानाची वर्षाची विक्री सव्वासोळा लाखांच्या आसपास जाईल. चाळीस लाखांपासून ती बरीच लांब आहे, तेव्हा मालकिणीने आज घाबरण्याचे कारण नाही. अकाउंटंटनेही भीती घातली नाही.

“मग असं करू का,” ती म्हणाली, “दुसऱ्या बँकेत माझं एक बचत खातं पडून आहे. तेच दुकानाला वापरते. चालू खात्यावर व्याज नाही, वर किमान शिल्लक ठेवा, चार्जेस भरा, कशाला?”

हा मधला मार्ग अनेक जण धरतात, आणि हिशेबापुरता तो एका खात्यापेक्षा नक्कीच बरा. पण त्याला दोन अडचणी आहेत. पहिली, बचत खाते व्यापारी व्यवहारांसाठी वापरू नये अशी अट बँका खाते उघडतानाच घालतात. रोजच्या पन्नास-साठ जमा दिसल्या की शाखेतून फोन येतो, आणि खाते बदलून घ्यायची वेळ नेमकी दिवाळीच्या गर्दीत येऊ शकते. दुसरी अडचण रोकड भरण्याची. चालू खाते सोडून इतर खात्यांत एका आर्थिक वर्षात मिळून १० लाख किंवा त्याहून जास्त रोकड भरली गेली, तर बँकेला ती आयकर खात्याला कळवावी लागते. चालू खात्यासाठी हीच मर्यादा ५० लाख आहे. कळवणे म्हणजे दंड नव्हे, पण दहा लाखांची रोकड बचत खात्यात दिसली की ती कुठून आली हा प्रश्न येतो, तर चालू खात्यात धंद्याची रोकड येणारच हे नियम करणाऱ्यांनीच गृहीत धरले आहे. किमान शिल्लक आणि शुल्काबाबत तिची तक्रार रास्त आहे. ते बँकेगणिक बदलतात, म्हणून दोन-तीन बँकांत आणि जवळच्या नागरी सहकारी बँकेतही विचारून मगच खाते उघडावे.

हिशेब आणि कर यांपलीकडे आणखी एक कारण आहे, आणि गेल्या काही वर्षांत ते यूपीआयमुळे मोठे झाले आहे. समजा, एखाद्या ग्राहकाने ९०० रुपयांचा माल घेतला आणि पैसे यूपीआयने दिले. ते पैसे त्याने कुणाला तरी ऑनलाइन फसवून मिळवलेले होते. फसलेली व्यक्ती १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करते, आणि पैसा ज्या ज्या खात्यांतून पुढे गेला त्यांच्यापर्यंत माग पोचतो. कधी बँक वादातले नऊशे रुपयेच रोखून धरते, पण कधी सगळे खातेच गोठते. परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करून ते सुटायला कधी आठवडे लागतात. दुकानदाराचा यात काहीच दोष नसतो. पण घरकर्जाचा हप्ता, मुलाची फी आणि व्यापाऱ्याला दिलेला चेक हे सगळे त्या एकाच खात्यावर असतील तर एका परकराच्या विक्रीपायी तिन्ही अडकतात. दुकानाचे खाते वेगळे असेल तर निदान घर चालू राहते.

खाते गोठले नाही तरी चेकचा धोका राहतोच. घाऊक व्यापारी पुढच्या तारखेचे चेक घेतात. पाच तारखेला घराचा हप्ता आपोआप कापला गेला आणि सहा तारखेला व्यापाऱ्याचा चेक लागला, तर तो परत जातो. चेक न वटणे हा कलम १३८ खाली गुन्हा आहे. व्यापारी सहसा कोर्टापर्यंत जात नाही, पण पुढच्या खेपेला उधारी देत नाही, आणि नव्या दुकानाला ती शिक्षा पुरेशी असते.

मालकिणीचे मन वळल्यावर बोलणे ‘कसे करायचे’ यावर आले. एकल मालकीचे चालू खाते दुकानाच्या नावाने उघडते. त्यासाठी मालकाची स्वतःची ओळखपत्रे आणि धंदा अस्तित्वात असल्याचे दोन पुरावे लागतात. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र, लोक ज्याला गुमास्ता म्हणतात तो शॉप ॲक्टचा कागद, जीएसटी प्रमाणपत्र, दुकानाच्या पत्त्याचे वीजबिल अशांपैकी कोणतेही दोन चालतात. दोन मिळणे शक्य नसेल तर प्रत्यक्ष दुकान पाहून एकावरही खाते उघडण्याची मुभा बँकेला आहे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. तिच्यासाठी पैसे मागणारे मध्यस्थ टाळावेत.

खाते उघडल्यावर काउंटरवरचा क्यूआर कोड बदलायचा. गळती इथे होते. नेहमीच्या ग्राहकांच्या मोबाइलमध्ये मालकिणीचा नंबर साठवलेला असतो. ते काउंटरकडे न पाहता त्या नंबरावर पैसे पाठवतात आणि ते तिच्या बचत खात्यात जातात. अकाउंटंटने सुचवलेला उपाय साधा आहे: दुकानासाठी वेगळा नंबर घ्यावा आणि तोच लोकांना द्यावा. तरीही जे पैसे घरच्या खात्यात येतील त्यांची महिनाअखेर बेरीज करून एकाच हप्त्यात ती रक्कम दुकानाच्या खात्यात वळवावी आणि वहीत “घरच्या खात्यात आलेली विक्री” असे लिहावे. उलट, दुकानाच्या खात्यातून चुकून घराचे बिल भरले गेले तर पैसे परत फिरवत बसू नये. ती उचल म्हणून नोंदवली की पुरते.

गल्ल्याला मात्र कोणतेही खाते शिस्त लावू शकत नाही. त्यासाठी रोजमेळ लागतो. सकाळी सुट्या पैशांसाठी ठेवलेली रक्कम, दिवसाची रोख विक्री, गल्ल्यातून दिलेले हमालीसारखे खर्च, उचल आणि रात्री मोजलेली रोकड, एवढ्या पाच नोंदी पुरतात. लिहिलेली आणि मोजलेली रोकड जुळली नाही तर फरक त्याच रात्री सापडतो. आठवड्यानंतर तो सापडत नाही. दूध-भाजी गल्ल्यातूनच घ्यायची असेल तर घ्यावी, पण तीनशे रुपये उचल म्हणून लिहून.

उचल किती असावी, हा प्रश्न तिने शेवटी विचारला. अकाउंटंटने आकडा दिला तो नफ्यावरून. महिन्याला वीस हजार नफा, त्यातले पाच हजार मालासाठी आणि भावाच्या फेडीसाठी दुकानात ठेवायचे, पंधरा हजार घरी न्यायचे. घराला पंधरा हजार आणि नवऱ्याचे वीस हजार मिळून पस्तीस हजार येतात, तर चार महिन्यांत घराचा सरासरी खर्च सत्तेचाळीस हजार झाला होता. ही बारा हजारांची तूट नवी नाही. ती आधीपासून होती, फक्त आता तिला नाव आले. ती भरून काढायला विक्री वाढवायची की खर्च कमी करायचा, हे घरच्यांनी मिळून ठरवायचे. अकाउंटंटच्या कक्षेत ते येत नाही.

काही खर्च दोन्हीकडचे असतात. तिची स्कूटर मुलाला क्लासला सोडते आणि मालाची पार्सलेही आणते. अशा वेळी सगळे पेट्रोल एकाच खात्यातून भरावे आणि वर्षभर एकच प्रमाण, समजा निम्मे, धरून वहीत विभागावे. प्रमाण दर महिन्याला बदलले की त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

वेगळ्या खात्याने काय होत नाही, हेही सांगायला हवे. दुकान बुडाले तर व्यापारी मालकिणीच्या घरच्या मालमत्तेपर्यंत पोचू शकतात. खात्याचे नाव वेगळे असले तरी मालक एकच आहे. ते संरक्षण हवे असेल तर मर्यादित दायित्वाची भागीदारी किंवा कंपनी स्थापन करावी लागते, आणि तिथे मालकाला हवे तेव्हा पैसे उचलता येत नाहीत. ठेव विम्याचेही तसेच. बँक अडचणीत आली तर प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत विमा मिळतो. त्यात एकल मालकीच्या दुकानाचे खाते आणि मालकाचे वैयक्तिक खाते एकत्र धरले जाते. दोघांना मिळून पाचच लाख. सहकारी बँकांवर निर्बंध आल्यावर काय होते, हे २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांनी अनुभवले आहे. तेव्हा तर विम्याची मर्यादा एक लाखच होती. म्हणून दुकानाचे खाते आणि घराची बचत शक्यतो दोन वेगळ्या बँकांत ठेवावी.

बदल करायला १ एप्रिलची वाट पाहायची गरज नाही, कोणत्याही महिन्याची पहिली तारीख चालते. जुन्या खात्यावर दिलेले चेक वटेपर्यंत तिथे पुरेशी शिल्लक ठेवावी. पेन्सिलीने खुणा केलेला चार महिन्यांचा उतारा आणि भावाकडून लिहून घेतलेली लाखाची पावती विवरणपत्राच्या कागदांबरोबर जपून ठेवावी. त्या लाखाबद्दल कुणी विचारले तर दाखवायला हेच दोन कागद लागतील.